संस्थापकाचा परिचय: छोटा, मध्यम की मोठा?

परिषदेच्या आयोजकांकडून ‘परिचय पाठवा’ असा निरोप आला की बहुतेक संस्थापक जुनाच एकपानी मजकूर पाठवून देतात. जागा कमी पडली की आयोजक तो शेवटाकडून कापतात, आणि नेमकी महत्त्वाची ओळ तिथेच असते.

एक नमुना घेऊ. लशींच्या साठवणुकीतलं तापमान नोंदवणारी उपकरणं बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापक सार्वजनिक आरोग्याच्या परिषदेत बोलणार आहेत. त्यांचा जुना परिचय पदवीपासून सुरू होतो, मग पहिली नोकरी, मग पुरस्कार. त्यांनी 9 वर्षं लसभांडारांची देखभाल पाहिली, हे अगदी तळाशी. श्रोत्यांना हवं असतं ते हेच.

छोटा परिचय, साधारण 40 शब्दांचा, वेळापत्रकासाठी आणि ॲपसाठी. त्यात दोनच वाक्यं बसतात: ‘लशी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहतात की नाही हे नोंदवणारी उपकरणं त्यांची कंपनी बनवते. त्याआधी 9 वर्षं त्यांनी लसभांडारांची देखभाल पाहिली.’ पदवी नाही, पुरस्कार नाही. मर्यादा अक्षरांत दिली असेल तर जपून, कारण मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जाऊ शकतात. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर वाटतं, पण संगणकाच्या हिशेबात ती सहा चिन्हं होतात.

मध्यम परिचय 100 शब्दांच्या आसपास, छापील कार्यक्रमपत्रिकेसाठी. सूत्रसंचालक मंचावर बहुधा हाच वाचतात. मिनिटभरात संपतो. सुरुवात त्याच दोन वाक्यांनी करावी, मग त्यांना आधार देणारं एखादं काम, आणि पदवी शेवटी. वाचताना श्वास अडखळला तर ते वाक्य तोडावं.

मोठा परिचय 250 शब्दांपर्यंत, संकेतस्थळासाठी. तो म्हणजे मध्यम परिचय ताणून लांबवलेला मजकूर नव्हे. भांडारात काय बिघडताना पाहिलं आणि त्यातून उपकरण कसं सुचलं, याला इथे जागा मिळते. विशेषणं वाढू लागली की सांगण्यासारखं संपलं असं समजावं.

वेळ एकाच परिचयापुरता असेल तर मी मध्यम निवडेन. त्याची पहिली दोन वाक्यं नीट जमली की छोटा आपोआप हाती येतो. मोठ्यापासून सुरुवात केली तर काय गाळायचं यावरच दिवस जातो.

गुंतवणूकदारांची परिषद असेल तर क्रम बदलतो: उपकरणं कोण विकत घेतं हे आधी, भांडारातली वर्षं नंतर. दोन्हीकडे तपासायची रीत एकच. नाव झाकून पहिलं वाक्य वाचावं. ते दुसऱ्या कुठल्याही संस्थापकाला लागू पडत असेल तर ते बदलावं. ‘गेली 9 वर्षं’ असं चालू कामाबद्दल मात्र लिहू नये, सुरुवातीचं साल लिहावं. जुना मजकूर तसाच पुन्हा छापला गेला तरी साल खरंच राहतं.