रमीच्या खात्यावर लावलेल्या मर्यादा: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर हिशोब बघतो. पैशाचा रमी खेळ ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राच्या कायद्याने बंद झाला आणि माझं खातंही तिथेच थांबलं. त्याआधी बरेच महिने मी एका ॲपवर रोज रात्री थोडं खेळायचो, आणि पहिल्या दिवसापासून तिथल्या सगळ्या मर्यादा लावून खेळायचो. आता हे लिहितोय ते भाच्यामुळे. तो नोकरीसाठी इंग्लंडला गेलाय, तिथे हा खेळ कायदेशीर आहे. परवा फोनवर विचारत होता, "मामा, यातलं खरं कामाला काय येतं?"

माझी मांडणी अशी होती: दिवसाला 300 रुपये भरणा, महिन्याला 2000, आठवड्याचा तोटा 800 वर थांबणार आणि एका बैठकीला 45 मिनिटं. महिन्याचा आकडा मी श्रावणात ठरवला, हात आखडता असतो तेव्हा. आमच्याकडे हे महत्त्वाचं आहे. सोयाबीन मोंढ्यात आलं की दिवाळीच्या आसपास सगळ्यांच्याच हातात एकदम पैसा येतो, आणि तेव्हा ठरवलेली मर्यादा पुढच्या उन्हाळ्यात झेपत नाही.

भरण्याची मर्यादा समजायला सोपी, पण ती फक्त बँकेतून आत येणारा पैसा मोजते. जिंकून खात्यात पडलेला पैसा तिच्या हिशोबात नसतो. एक उदाहरण मांडतो. शनिवारी 300 भरले, पानं चांगली पडली आणि खात्यात 1500 झाले. रविवारी रात्रीपर्यंत ते सगळे गेले. भरण्याची मर्यादा म्हणते, तुम्ही 300 च भरले. तोट्याची मर्यादा आठवड्याची गोळाबेरीज करते, तीही म्हणते 300 गेले, अजून 500 शिल्लक आहेत. हातात आलेले 1200 परत गेले, आणि एकाही मर्यादेची घंटा वाजली नाही. हेच जिंकणं रविवारी आणि हरणं सोमवारी झालं असतं, तर नवा आठवडा शून्यापासून सुरू होऊन सोमवारी 800 वर खेळ थांबला असता आणि 700 वाचले असते. म्हणून तोट्याची मर्यादा लावताना पहिला प्रश्न हा विचारायचा की तिचा आठवडा कोणत्या वारी बदलतो.

जिंकलेल्या पैशाला खरा बांध एकच, तो म्हणजे पैसे काढून बँकेत टाकणं. इथे आमच्याकडची मंडळी अडायची ती करापायी. काढताना निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कापले जायचे. वरच्या उदाहरणात, त्या वर्षात आधी काही हरलेलं नसेल तर 1200 वर 360. "एवढे कापून कशाला घ्यायचे, राहू द्या खात्यात," असं म्हणणारे मी कितीतरी पाहिले. पण 31 मार्चला खात्यात जे निव्वळ जिंकलेलं उरायचं त्यावरही कपात व्हायचीच. कर वाचवायला म्हणून ठेवलेला पैसा शेवटी टेबलावरच जायचा.

वेळेच्या घड्याळाचा अनुभव संमिश्र आहे. 45 मिनिटं झाली की पडद्यावर चौकट यायची, त्यात आजचा नफा-तोटा आणि खाली दोन बटणं. "पुढे खेळा" मोठं, "थांबा" बारीक. शिवाय ती डाव चालू असतानाच यायची. पॉइंट रमीत पहिल्याच फेरीत पानं टाकून डाव सोडला तर 20 गुण अंगावर, नंतर सोडला तर 40, आणि हरलात तर जास्तीत जास्त 80. गुणामागे 50 पैशांच्या टेबलावर मध्येच सोडलं तर 20 रुपये हमखास जातात. अशा वेळी अर्धा डाव सोडून कोण उठेल? माणूस "पुढे खेळा" दाबतो आणि चार दिवसांत अंगठा न वाचताच ते दाबायला शिकतो. मला उपयोग झाला तो त्या चौकटीतल्या एका ओळीचा. "या बैठकीत: −180" असं दिसलं की मनातला हिशोब आणि खरा हिशोब शेजारी यायचे. चांगलं घड्याळ चालू डाव पुरा होऊ देतं आणि पुढचं टेबल उघडूच देत नाही. भाच्याला मी तेच बघायला सांगितलं: चौकट नुसती विचारते का खरंच थांबवते.

आणि आता ज्याच्या जिवावर बाकीचं सगळं उभं आहे, त्या मर्यादा वाढवतानाच्या थांब्याबद्दल. मर्यादा कमी केली तर ती त्याच क्षणी लागू व्हायची. वाढवायची म्हटली तर 24 तास वाट, आणि 24 तासांनंतरही ॲप पुन्हा एकदा विचारायचं. एका रात्री साडेनऊलाच 300 संपले. शेवटच्या डावात एका पानासाठी राहिलं होतं. अशा वेळी डोक्यात एकच घोळतं, आणखी 500 टाकले की निघतील. मी रोजची मर्यादा 1000 करायला टाकली आणि उद्या रात्री लागू होईल असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी आडतीवर आवक जास्त होती, रात्र झाली तरी पट्ट्या लिहून होत नव्हत्या. मापाडी वजनं सांगतोय, शेतकरी उचल मागायला समोर उभे आहेत, त्यात फोनवर संदेश आला: "मर्यादा 1000 करायची का?" समोरच्या पट्टीवर एका कट्ट्याचा जो भाव होता, त्याच्याशी तो आकडा आपोआप ताडला गेला. मी संदेश पुसला, मागणी रद्द झाली.

हरलेलं लगेच भरून काढायची ओढ फार तीव्र असते, पण टिकत नाही. थांबा माणसाला शहाणं करत नाही, तो फक्त त्या ओढीच्या वेळी दार लावून ठेवतो आणि निर्णय दुसऱ्या दिवसाच्या माणसाकडे सोपवतो. वाढ लगेच होत असती तर 300 ची मर्यादा नावालाच राहिली असती.

सुगीच्या दिवसांत मी आणखी पुढे जाऊन 30 दिवसांची पूर्ण विश्रांती घेतली. तेवढ्या काळात टेबल उघडत नव्हतं, विनंती करूनही विश्रांती मोडता येत नव्हती, पण शिल्लक काढता येत होती. हे तिन्ही असलं तरच विश्रांती खरी. मुदत संपल्या दिवशी मात्र सकाळीच परत येण्याबद्दल बोनसचा संदेश आला, त्याचा मला मनापासून राग आला. जो माणूस स्वतःहून लांब गेलाय त्याला असं बोलावू नये.

दुसरी उणीव म्हणजे सगळं त्या एका खात्यापुरतं. शेजारच्या दुकानातल्या एकाने एका ॲपवर विश्रांती घेतली आणि त्याच संध्याकाळी दुसरं उतरवून घेतलं. आपल्याकडे सगळ्यांना मिळून एक नोंद नव्हती. इंग्लंडमध्ये 'गॅमस्टॉप' आहे. तिथे एकदा नाव घातलं की परवानाधारक सगळ्या ऑनलाइन कंपन्यांची दारं 6 महिने, 1 वर्ष किंवा 5 वर्षं बंद. आता आपल्याकडे बंदीनंतरही टेलिग्रामवरून परदेशी साइटच्या लिंका फिरताहेत. त्यांच्या पानावर मर्यादेचं बटण दिसलं तरी ते पाळलं जातंय की नाही हे बघणारं कोणी नाही, तिकडे फिरकू नका. ज्याला थांबणंच जमत नाही त्याच्यासाठी सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, 14416 वर, मराठीतही बोलतात.

भाच्याचा पगार महिनाअखेरीला होतो. त्याला मी म्हटलं, मर्यादा पगाराआधीच्या आठवड्यात ठरव, आणि पगाराच्या आदल्या दिवसापासून आठवडाभराची विश्रांती लाव. त्याने फोन चालू असतानाच लावली.