उत्तर देणं बंद केलं आणि धमकी आली

फेसबुकवर एका मुलीशी ओळख झाली, चार दिवस गप्पा झाल्या, पाचव्या रात्री व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला. पुढचं सांगायची गरज नाही. मला भान आलं आणि मी उत्तर देणं थांबवलं. वीस मिनिटांत माझाच व्हिडिओ मला आला. खाली माझ्या मित्रयादीचे स्क्रीनशॉट, त्यात मेव्हण्याच्या नावावर लाल गोल. "५,००० पाठव, नाहीतर पहिला यालाच."

मी पाठवले. चूक इथेच झाली. व्हिडिओ काढला जाण्यापेक्षाही ही मोठी. हा माणूस घाबरतो आणि देतो, एवढं त्यांना कळलं. तासाभरात १२,००० मागितले. दुसऱ्या दिवशी "क्राइम ब्रँचमधून साहेब" बोलू लागले. मुलीने तक्रार केलीय म्हणे, व्हिडिओ हटवायला अमुक नंबरवर बोला. टोळी तीच, फक्त आवाज बदललेला.

शेवटी मी धाकट्या बहिणीला सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "दादा, आधी काही डिलीट करू नकोस." मी तर सगळं पुसून खातंच बंद करायच्या बेतात होतो! तिने चॅट, फोन नंबर, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घेतले. प्रोफाइलची लिंक वेगळी कॉपी केली, कारण ही मंडळी नाव आणि फोटो रातोरात बदलतात. मग मित्रयादी फक्त मलाच दिसेल अशी केली आणि त्यानंतरच ब्लॉक केलं.

पैसे गेले होते म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, बँक आणि वेळ विचारली. फोन लवकर केला तर समोरच्या खात्यात उरलेली रक्कम गोठवता येते. मी दोन दिवस लाजण्यात घालवले होते. लेखी तक्रार cybercrime.gov.in वर केली.

त्यांनी पाठवलेला व्हिडिओ ठेवल्याचा उपयोग StopNCII.org वर झाला. व्हिडिओ तिथे चढवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो, तेवढाच पुढे जातो, आणि फेसबुक-इन्स्टाग्रामसारखी सहभागी माध्यमं तो जुळवून व्हिडिओ अडवतात. व्हॉट्सॲपवर कुणी कुणाला थेट पाठवलं तर ते याने थांबत नाही. ही सोय अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. त्याहून लहानांसाठी Take It Down आहे.

व्हॉट्सॲपचं भय उरलंच होतं. म्हणून मेव्हण्याला मीच फोन केला. "माझा घाणेरडा व्हिडिओ येईल, उघडू नका, पाठवणाऱ्याचा नंबर मला द्या." तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "आमच्या ऑफिसातल्या एकाचं असंच झालं होतं."

नव्या नंबरांवरून आणखी तीन दिवस मेसेज आले. मी एकालाही उत्तर दिलं नाही, स्क्रीनशॉट मात्र प्रत्येकाचा घेतला. चौथ्या दिवशी मेसेज यायचे थांबले. मेव्हण्याला काहीच आलं नाही. ५,००० अजून परत आलेले नाहीत.