सर्टिफिकेटवर काय लिहायचं: छापील किताब की मोकळी ओळ?

बालवाडी-पहिलीच्या एका टीचरचा प्रश्न होता, मुलांना 'उत्कृष्ट वाचक' असं छापलेलं सर्टिफिकेट द्यावं की 'आज तू ____' अशी मोकळी ओळ ठेवून हाताने भरावं.

वेळ बघितला तर छापील जिंकतं, नुसतं नाव टाकलं की झालं. पण मुलाला काय कळतं ते बघा ना, 'उत्कृष्ट' म्हणजे नेमकं काय केलं हे पाच-सहा वर्षांच्या पोराला सांगताच येत नाही. मोकळ्या ओळीत 'कमळ शब्द अडला तेव्हा तू क-म-ळ असं एकेक अक्षर जोडून परत वाचलास' लिहिलं की तो घरी तेच करून दाखवतो. आणि किताब एकाला मिळाला की बाकीचे आपोआप 'उत्कृष्ट नाही' ठरतात, हे मला जास्त खटकतं.

मोकळ्या ओळीतही घोळ होतो, घाईत सगळ्यांना 'खूप मेहनत केलीस' लिहिलं तर तो छापील किताबच झाला की! तपासायला सोपं, नाव झाकून वाचा, कोणाचं ते ओळखू येत नसेल तर बदला. वाक्य छोटं ठेवा, देताना वाचून दाखवा.

वर्षाअखेरीला सगळ्या वर्गाला एकदम द्यायचं असेल तर छापील चालेल, फक्त किताबाऐवजी 'भाग घेतला' लिहा. रोजच्या छोट्या गोष्टींना मोकळी ओळच, दिवसाला दोनच भरा.