किंडल दुसऱ्याला देताना: नुसती पुस्तकं काढायची, खातं सोडवायचं, की कोरं करायचं?

यंदा आंबा संपता संपता आमच्या देवगडच्या घरात एकाच आठवड्यात दोन किंडलांचे मालक बदलले. एक आईकडे गेला, म्हणजे वरच्या माडीवरून खालच्या पडवीत. दुसरा गुहागरला आत्याच्या नातवाकडे गेला. दोन्हींवर माझंच खातं होतं आणि माझीच पुस्तकं होती, तरी दोघांना एकच उपाय लावून चाललं नसतं.

किंडल हातावेगळा करायचे मार्ग तीन. पहिला, उतरवलेली पुस्तकं काढून टाकायची आणि खातं तसंच ठेवायचं. दुसरा, यंत्र खात्यातून सोडवायचं, म्हणजे पडद्यावर ज्याला Deregister म्हणतात ते. तिसरा, यंत्र कारखान्यातून आलं तसं कोरं करायचं, म्हणजे Reset. बहुतेक जण यातला एक करतात आणि तिन्ही झाले असं समजतात.

पहिला मार्ग सगळ्यात सोपा, म्हणून सगळ्यात फसवा. पुस्तकावर बोट दाबून धरलं की Remove Download येतं. त्यानं पुस्तक फक्त यंत्रावरून उतरतं. ते खात्यात असतंच, आणि ज्याच्या हातात यंत्र आहे तो ते क्षणात पुन्हा उतरवू शकतो. म्हणजे बाहेरच्या माणसाला किंडल देताना एवढंच केलं, तर घराची किल्ली देऊन फक्त सामान माळ्यावर टाकल्यासारखं आहे. यंत्रातलं अॅमेझॉनचं पुस्तकांचं दुकानही उघडं राहतं. खात्याला पैसे जोडलेले असतील तर खरेदीचा रस्ता त्या यंत्रातून जातो, आणि बिल तुमच्या नावावर येतं.

याच्या उलटी चूकही होते, आणि ती जास्त महाग पडते. काही जण अॅमेझॉनच्या साइटवर आपल्या पुस्तकांच्या यादीत जाऊन तिथलं Delete दाबतात. ते यंत्र रिकामं करण्यासाठी नाहीच. त्यानं पुस्तक खात्यातून कायमचं जातं, फोनवरच्या अॅपमधूनही जातं, आणि परत हवं असेल तर परत विकत घ्यावं लागतं. यंत्र देऊन टाकायचंय म्हणून पुस्तकांच्या यादीला हात लावायची कधीही गरज नाही. काम यंत्रांच्या यादीत असतं, त्या साइटवर Devices असं लिहिलेल्या भागात.

मग पहिला मार्ग कुणासाठी? आईसारख्यांसाठी. तिला माझीच पुस्तकं वाचायची होती. तिचं वेगळं खातं काढून दिलं असतं, तर माझी विकत घेतलेली पुस्तकं तिच्याकडे गेलीच नसती. किंडलवरचं पुस्तक आपण विकत घेतो असं म्हणतो खरं, पण दुकानाच्या अटींप्रमाणे मिळतो तो वाचण्याचा परवाना, आणि तो दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणून तिच्या किंडलवर खातं माझंच ठेवलं, मला एकट्याला लागणारे कागद काढले आणि Parental Controls मध्ये जाऊन दुकान बंद केलं. एक गोष्ट मात्र विसरलो. दोन दिवसांनी रात्री फोनवर मी अर्धी वाचलेली रहस्यकथा उघडली, तर अॅप विचारतंय, सगळ्यात पुढे वाचलेल्या पानावर नेऊ का? आई दुपारी तीच वाचत होती आणि खुन्यापर्यंत पोचली होती. सकाळी विचारलं तर म्हणाली, "मग तू लवकर वाचायचंस रे!" दोघं एकाच खात्यावर असाल तर हे चालायचंच. नको असेल तर किंडलच्या Advanced Options मध्ये Whispersync for Books बंद करता येतं.

दुसरा मार्ग, खातं सोडवणं. याला दोन दारं आहेत आणि ती सारखी नाहीत. एक यंत्रातलं: Settings, तिथून Your Account किंवा जुन्या यंत्रात My Account, आणि मग Deregister Device. दुसरं साइटवरचं: Devices मध्ये ते किंडल निवडायचं आणि Deregister दाबायचं. यंत्र हातात आहे तोवर पहिलंच दार वापरा. वायफाय चालू ठेवून यंत्रावरूनच सोडवलं, तर काय झालं ते डोळ्यांसमोर दिसतं. पुस्तकं जातात, तुमचं नाव जातं आणि यंत्र नव्या नोंदणीसाठी विचारू लागतं.

साइटवरून सोडवलं तर निरोप यंत्राला पोचायला यंत्र नेटवर यावं लागतं. आमचा गुहागरचा घोळ इथेच झाला. किंडल मी एअरप्लेन मोडमध्ये ठेवला होता, कारण बॅटरी टिकते. तसाच खोक्यात घालून एसटीच्या पार्सलनं पाठवला, आणि मग आठवण झाली म्हणून घरी बसून साइटवरून सोडवला. साइटवर काम फत्ते. तिकडे पोरगं महिनाभर माझी पुस्तकं वाचत बसलं, कारण घरात वायफाय नव्हतं आणि एअरप्लेन मोड काढायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एका दुपारी त्यानं मामाच्या फोनचा हॉटस्पॉट जोडला आणि सगळी पुस्तकं डोळ्यांदेखत गेली. लगेच त्याचा मला फोन: "काका, बिघडला!" बिघडला नव्हता, महिन्यापूर्वीचा निरोप त्या दिवशी पोचला होता. साइटचं दार कामाचं आहेच, पण यंत्र आधीच हातातून गेलं असेल तेव्हा.

खरी गोम पुढे आहे. खातं सोडवल्यावर दुकानातून आलेली पुस्तकं जातात, पण केबलनं घातलेल्या फाइल्स राहतात. आमच्यासारख्या घरांत किंडल म्हणजे नुसती कादंबऱ्यांची पेटी नसते. मोठा पडदा, डोळ्यांना त्रास नाही, म्हणून वडिलांना वाचायला मी त्यात काय काय घातलं होतं. पोरानं खातं गेल्यानंतरचा पडदा फोटो काढून पाठवला तेव्हा कळलं की आमच्या बागेचा सातबारा, विम्याच्या हप्त्याची पावती आणि वडिलांचा रक्ततपासणीचा अहवाल हे तिघं अजून तिथेच ठाण मांडून आहेत. दुकानाच्या दृष्टीनं ते यंत्र आता माझं नव्हतं, कागद मात्र सगळे माझे होते.

किंडल केबलनं कॉम्प्युटरला लावला की आत documents नावाचा फोल्डर दिसतो. केबलनं घातलेलं सगळं तिथे असतं. तिथेच `My Clippings.txt` नावाची एक फाइल असते. तुम्ही अधोरेखित केलेलं प्रत्येक वाक्य आणि टिपलेली प्रत्येक नोंद तारखेसकट तिच्यात उतरलेली असते. खातं सोडवून ही फाइल जात नाही. ती दोन्हीकडून महत्त्वाची: दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून, आणि आपल्याकडे राहावी म्हणूनही. दुकानातल्या पुस्तकांवरच्या खुणा खात्यात जपलेल्या असतात. केबलनं घातलेल्या पुस्तकांवरच्या खुणा मात्र खात्यात जात नाहीत, त्या यंत्रावरच्या या फाइलीत मिळतात. ती आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

म्हणून बाहेरच्या माणसाला द्यायचं असेल तर तिसरा मार्ग लागतोच: Settings, Device Options, Reset. जुन्या पेपरव्हाइटवर तो Settings च्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत Reset Device म्हणून असतो. यानं केबलची पुस्तकं, सातबारा, टिपणं, वायफायचे पासवर्ड, उघडण्याचा कोड, सगळं जातं. वायफायचा पासवर्ड कुणाच्या लक्षात येत नाही. पण कोरं न करता दिलेला किंडल शेजारच्याच वाडीत जाणार असेल, तर तो पुन्हा तुमच्याच राउटरला आपणहून जोडला जाईल, एवढं ध्यानात ठेवा.

मग थेट कोराच का करू नये, मधली पायरी कशाला? कारण कोरं करणं यंत्राच्या पोटात होतं, खात्याच्या वहीत नाही. नेट नसतानाही ते होतं, आणि मग साइटच्या यादीत तुमच्या नावावर ते किंडल दिसत राहू शकतं. नवा मालक अडेलच असं नाही, पण यादीत कुठलं यंत्र कुणाचं, हा गोंधळ तुमच्या डोक्याला. क्रम एकदा नीट धरला की अर्ध्या तासाचं काम आहे. आत्याच्या नातवाचं किंडल पुढच्या फेरीला माझ्याकडे आलं तेव्हा मी असं केलं. आधी चार्जिंगला लावलं, कारण मध्येच वीज गेली आणि बॅटरीही संपत आलेली असली तर नसता ताप. केबलनं `My Clippings.txt` उतरवून घेतली. खातं आधीच सुटलं होतं. तसं नसतं तर आधी वायफायवर एकदा Sync करून शेवटच्या खुणा खात्यात पोचवल्या असत्या आणि मग सोडवलं असतं. त्यानंतर Reset. यंत्र बंद होऊन चालू झालं आणि भाषा कुठली हवी असं विचारू लागलं. तिथेच थांबायचं. भाषा निवडायची नाही, वायफाय जोडायचं नाही. तो पडदा दिसला की काम झालं. शेवटी साइटवर जाऊन Devices ची यादी बघितली, नाव नव्हतं.

उघडण्याचा कोड विसरलात तर Settings पर्यंत पोचताच येत नाही. तेव्हा कोडच्या जागी `111222777` टाकायचं. यंत्र स्वतःच कोरं होतं. पण वाचवण्यासारखं काही आत असेल तर तेही त्याबरोबर जातं. खातं मग साइटवरून सोडवायचं.

कोबो हे किंडलसारखंच दुसऱ्या कंपनीचं यंत्र, ते वापरणारे आपल्याकडे थोडे. तिथेही गोष्ट दोन पायऱ्यांची: Settings मधल्या Accounts मध्ये जाऊन Sign out, आणि मग Device information मधलं Factory reset. काही जुन्या कोबोत मेमरी कार्ड असतं, ते हातानं काढून घ्यायला विसरू नका, कारण कार्डावरच्या फाइली त्या Reset ला सापडत नाहीत.

आणि कुणी वापरलेलं किंडल तुम्हाला विकताना "आत दोनशे पुस्तकं फुकट" असं सांगत असेल, तर त्याला पैसे देण्याआधी वायफाय जोडून दाखवायला सांगा. खातं त्याचंच असेल तर पुस्तकं त्याच्या मर्जीवर आहेत, साइटवरून त्यानं सोडवलं की गेली. पुस्तकं केबलनं घातलेली असतील तर कुठली, कुठून आणली, ते त्यालाच विचारा. आमच्या आत्याचा नातू आता हे विचारतो. त्याच्या त्या किंडलवर सध्या त्याचं स्वतःचं खातं आहे, तीन पुस्तकं आहेत, आणि एअरप्लेन मोड बंद आहे.