52,350 रुपयांचा ‘हाताने गाठी मारलेला’ गालिचा, आणि माझ्याच मोबाईलमध्ये पडून असलेला तो तिसरा फोटो

हे लिहायला मला तीन महिने लागले कारण लाज वाटत होती. घरात सगळ्यांना सांगून झालं होतं की मुलाच्या नवीन फ्लॅटसाठी मी खराखुरा काश्मिरी गालिचा घेतलाय, वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला तो दाखवून झाला होता, आता कुठल्या तोंडाने सांगणार की तो गालिचा विणलेलाच नाही, कापडावर सुताचे गुच्छ खोचून मागून डिंकाने चिकटवलेला आहे. पण गेल्या आठवड्यात जे झालं ते बघून गप्प बसणं जमेना. ते शेवटी सांगते.

पुण्यात हस्तकलेचं प्रदर्शन लागलं होतं तिथे हा माणूस भेटला. स्टॉलवर छान गालिचे होते, त्यातला एक त्याने उलटून दाखवला, मागची बाजू पुढच्यासारखीच स्पष्ट, एकेक गाठ मोजता येईल अशी. तो होता दीड लाखाचा. मी म्हटलं एवढं बजेट नाही, तर म्हणाला दीदी नंबर द्या, गोडाऊनमधले फोटो पाठवतो. सगळा खेळ इथे आहे. स्टॉलवर खरा माल हाताळायला देतात आणि विकतात फोटोवरचा.

व्हॉट्सॲपवर चार फोटो आले. 4 बाय 6 फूट, मरून जमीन, क्रीम किनार, भाव 46,800. पहिला पूर्ण गालिच्याचा, दुसरा मागच्या बाजूचा अगदी जवळून घेतलेला, गाठी दिसणारा, तिसरा एक कोपरा उलटून धरलेला, चौथा वरच्या लवीचा. सोबत व्हॉइस नोट, ‘हाथ की गाँठ है दीदी, अठारा बाय अठारा’. शिवाय एक 2 बाय 3 चा छोटा पीस 4,200 ला, ‘सेम काम, बस पाईल कम है’, म्हणजे लव आखूड. कुरिअर 1,350. एकूण 52,350. वीस हजार आधी यूपीआयने दिले आणि बाकीचे 32,350 माल निघायच्या आदल्या दिवशी, तेपण यूपीआयनेच.

आता तो तिसरा फोटो. त्यात उलटलेल्या कोपऱ्याच्या मागे जाडसर पांढरट कापड दिसतंय. साधं मांजरपाटासारखं, कडेला पट्टी दुमडून शिवलेली. नक्षी नाही, गाठ नाही, काही नाही. आणि मी ते बघितलं होतं हो! मी विचारलंसुद्धा, चॅटमध्ये आहे अजून, ‘पीछे कपडा क्यूँ है?’ त्याचं उत्तर, ‘लायनिंग है दीदी, फिसले नहीं इसलिए, एक्स्ट्रा नहीं लगाया उसका.’ मी थँक यू लिहून अंगठा पाठवला. ते थँक यू आठवलं की रात्री अजून झोप उडते.

कारण गाठीच्या गालिच्याला मागे चिकटवलेलं कापड नसतंच. तिथे उभे धागे ताणलेले असतात, त्यांच्या जोडीवर लोकरीची एकेक गाठ मारतात, एक ओळ झाली की आडवा धागा घालून ठोकतात, मग पुढची ओळ. म्हणजे जी नक्षी पुढे तीच मागे, त्याच रंगात, उलट आरशासारखी. मागची बाजू हाच त्याचा पुरावा असतो, तो कोण झाकेल? भिंतीवर लावायच्या किंवा फार जुन्या पीसला कोणी अस्तर शिवतं, पण ते टाके उसवून खाली बघता येतं. माझ्यासारख्या खोचलेल्या गालिच्याचं, म्हणजे टफ्टेडचं, तसं नाही. त्यात ताणलेल्या कापडात गनने सूत खोचत जातात, ते नुसतं अडकलेलं असतं, ओढलं की निघेल, म्हणून मागून लेटेक्सचा, म्हणजे रबरी डिंकाचा थर द्यावाच लागतो आणि तो चिकट थर झाकायला वर दुसरं कापड. फोटोत मागे कोरं कापड दिसलं की तिथेच थांबा. विकणारा त्याला अस्तर म्हणो नाहीतर अँटीस्किड म्हणो.

आणि दुसरा फोटो, गाठींचा क्लोजअप, तो माझ्या गालिच्याचा नव्हताच. त्यात गर्द निळा रंग आहे, छोट्या पानांच्या वेलीत. माझ्या गालिच्यात निळा धागा औषधालासुद्धा नाही. मागचे रंग पुढे असायलाच हवेत एवढी साधी गोष्ट, दोन फोटो शेजारी ठेवून दहा सेकंद बघितले असते तरी कळलं असतं. पण मी ते वेगवेगळे बघितले, एकामागून एक, मोबाईल सरकवत, आणि स्टॉलवरचा खरा गालिचा डोक्यात होता त्यामुळे गाठी दिसल्या आणि मन भरलं. तुम्ही मागचा क्लोजअप मागाल तेव्हा शेजारी पट्टी ठेवून मागा, आणि त्याच फोटोत कोपरा दुमडून पुढची बाजूपण दिसली पाहिजे. अठरा बाय अठरा म्हणजे एका इंचात आडव्या अठरा गाठी आणि उभ्या अठरा, फोटो झूम करून मोजता येतात.

जून संपता संपता पाऊस लागला आणि मुलाच्या हॉलमध्ये रबर कुजल्यासारखा वास यायला लागला. सून म्हणाली गालिच्याखाली लादीवर पिठासारखं काहीतरी पडतंय. आम्हाला वाटलं भिंतीचा चुना. शेवटी गालिचे धुणाऱ्याला बोलावलं. त्याने कोपरा उलटला, नखाने कापडाची कड उचलली आणि ती चरचर करत हातभर सुटून आली, खालून पिवळट लेटेक्सच्या खपल्या आणि भुकटी. म्हणाला, ‘ताई, हे टफ्टेड आहे, लेटेक्समध्ये पावडर भरलेली असते, ते सुकलं की असं झडतं. पाण्याने धुतलं तर कापड वेगळं आणि लोकर वेगळी.’ मग त्याने गालिचा पुढून घडी घातल्यासारखा वाकवला आणि लव बोटांनी फाकून मला मुळाशी बघायला लावलं. गुच्छ सरळ कापडात घुसलेले, वाफ्यात रोपं खोचावीत तसे, मध्ये पांढरं कापड दिसतंय. गाठीच्या गालिच्यात मुळाशी प्रत्येक गुच्छाला धाग्याभोवती घेतलेला बारीकसा वेढा दिसतो, आणि ओळींच्या मधून आडवा धागा. ही झालरपण बघा म्हणाला, मशीनने शिवलीय. खऱ्यात झालर म्हणजे त्याच उभ्या धाग्यांची टोकं, आतूनच बाहेर आलेली, ती लावत नाहीत.

मला पाठवलेला चौथा फोटो लवीचा होता खरा, पण वरून काढलेला, नुसती मऊ मऊ लोकर. वरून गाठीचा आणि टफ्टेड दोन्ही सारखेच दिसतात. लव फाकून मुळाचा फोटो मागायचा.

तो छोटा पीस तर ‘पाईल कम’ पण नव्हता, पाईलच नव्हती. साधी हातमागाची सुती दरी, आपली सतरंजी असते तशी, दोन्ही बाजू सारख्या, नक्षी आडव्या धाग्यानेच केलेली. धुणारा म्हणाला ही मात्र चांगली आहे, वर्षानुवर्षं टिकेल. पण मला सतरंजी गाठीच्या भावात विकली ना! फोटोत दोन्ही बाजू सारख्याच सपाट दिसत असतील आणि कडेने बघितल्यावर लव उभी नसेल तर ती दरी किंवा किलीम, तिच्यात गाठी मोजायचा प्रश्नच येत नाही.

घरी येऊन मी हिशोब केला, जो आधी करायला हवा होता. 4 बाय 6 फूट म्हणजे 48 गुणिले 72, 3,456 चौरस इंच. एका चौरस इंचात 324 गाठी. म्हणजे 11 लाखांच्या वर गाठी. विणकर दिवसाला आठ हजार गाठी मारतो असं धरलं तरी 140 दिवस. मजुरी दिवसाला नुसती 300 रुपये धरली तरी 42,000 झाले, त्यात लोकर, रंग, धुलाई, कातरणी, दुकानदाराचा नफा कुठून येणार? 46,800 ला तो गालिचा असूच शकत नव्हता. लोक म्हणतात तुला स्वस्तात हवं होतं. अहो 52,350 स्वस्त असतात का? माझ्या पेन्शनचे दीड महिने आहेत ते.

मग तक्रारीचा फेरा. पोलीस चौकीत पहिल्या दिवशी साहेब नव्हते, दुसऱ्या दिवशी होते पण ‘माल मिळाला ना तुम्हाला? मग फसवणूक कुठे, हे दिवाणी आहे’. मी गालिच्याचा सुटलेला कोपरा फोटोत दाखवला तर म्हणे गालिचा तर गालिचाच दिसतोय. ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं थांबून उत्तर मिळालं की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. बँकेतही तेच वाक्य, फक्त एसीत बसून. प्रदर्शन भरवणाऱ्यांना फोन केला तर आम्ही फक्त जागा देतो. एका ठिकाणी तर मला विचारलं, मॅडम तुम्ही शिक्षिका ना, तुम्हाला कळलं नाही? अर्ज तीनदा लिहून घेतला, दर वेळी नव्या नमुन्यात, आणि पोच मागितली तेव्हा शिक्का आत कपाटात आहे आणि किल्ली दुसऱ्याकडे. कोणालाही गाठ आणि टफ्टिंगमधला फरक समजून घ्यायचा नव्हता, आणि तो फरक म्हणजेच तर माझे पैसे होते.

आणि सगळे बोट ठेवतात ते बिलावर. बिलात लिहिलंय ‘हँडमेड वूल कार्पेट’. गन हातात धरून केलेलं टफ्टेडसुद्धा हँडमेडच म्हणवतं, त्यामुळे बिल खोटं नाही! तोंडाने गाठ, कागदावर हँडमेड. बिलावर ‘हँड नॉटेड’ हे शब्द आणि इंचातल्या गाठी लिहून घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. काश्मिरी सांगत असेल तर जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं लेबल मागा, 2022 पासून त्यावर क्यूआर कोड येतो, तो स्वतः स्कॅन करा, त्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. माझ्याकडे ती व्हॉइस नोट आहे म्हणून वकील म्हणाले ग्राहक आयोगात जाऊ या, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. चॅट डिलीट करू नका, मी रागाच्या भरात करणार होते.

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनींची बहीण नाशिकहून फोटो घेऊन आली, कसा वाटतो गालिचा म्हणून. हिरवी जमीन, 5 बाय 7, भाव 61,000. नंबर वेगळा. दुसऱ्या फोटोत तोच क्लोजअप, तीच पानांची वेल, तोच गर्द निळा. मी तिला म्हटलं त्याला एवढंच लिही, कोपरा उलटून त्याच हाताने लव फाकून एक सलग व्हिडिओ पाठव. तिने लिहिलं. दोन निळ्या टिक आल्या, आणि पाच मिनिटांत त्याचा डीपी दिसेनासा झाला.