व्हिसाचा प्रश्न पहिल्याच फोनवर, की ऑफर आल्यावर?

आर्वी तालुक्यातल्या माझ्या चुलतभावाला ब्रिटनमधल्या सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी रिक्रूटरचा फोन येणार होता, आणि व्हिसाचे आधीच विचारले तर आपण गरजू दिसू, अशी त्याला धास्ती होती.

वेळेच्या दृष्टीने पहिला फोनच योग्य ठरतो. तिथे स्किल्ड वर्कर व्हिसासाठी कंपनीकडे स्पॉन्सर परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी सरकारी संकेतस्थळावर खुली असते. मात्र यादीत नाव असले तरी ती कंपनी याच पदासाठी स्पॉन्सर करेलच असे नाही. हे न विचारता मुलाखतीच्या चार फेऱ्या दिल्या, तर गावातल्या जाणाऱ्या-येणाऱ्या विजेत केलेली सारी तयारी वाया जाते. "या पदासाठी सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप देणार का?" एवढे एक वाक्य पुरते. "पुढे बघू" हे उत्तर मी नकारच समजतो.

खर्चाचे गणित वेगळे आहे. व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला 1,035 पौंड असून पूर्ण मुदतीचा आधीच भरावा लागतो. नवरा-बायको तीन वर्षांसाठी गेले तर 6,210 पौंड होतात. ही रक्कम, विमानभाडे आणि सुरुवातीचे घरभाडे कंपनीकडून मागायचे, तर ऑफर हातात असतानाच शब्दाला वजन येते. पण राजीनाम्यापूर्वी ते लेखी घ्यावे.

म्हणून स्पॉन्सरशिपशिवाय जाणे अशक्य असलेल्याने ती आधी विचारावी. व्हिसाचा हक्क आधीच असलेल्याने स्थलांतराच्या मदतीसाठी ऑफरपर्यंत थांबावे. पदरचे पैसेच नसतील, तर मदत मिळते की नाही एवढे पहिल्या फोनवर आणि आकडा नंतर.