लीजवाल्याच्या कागदावरची सोळा लाखांची 'बचत'

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशिनशॉप आहे, फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं जॉबवर्क करतो. कास्टिंगवर काम करणारं ४० लाखांचं संगणकचलित मशीन, व्हीएमसी, घ्यायचं ठरलं, तेव्हा एका लीज कंपनीचा माणूस एकपानी हिशोब घेऊन आला. कर्ज काढून घेतलं तर आजच्या किमतीत खर्च ४० लाख, लीजवर घेतलं तर २४. "भाड्यावर टॅक्स वाचतोय साहेब, म्हणजे तीस टक्के भाडं सरकारच भरतंय की!" भाडं वर्षाला ९ लाख, करार ५ वर्षांचा. सह्या झाल्या.

वर्षअखेरीला तो कागद सीए मॅडमच्या हातात पडला. त्यांनी विचारलं, "टॅक्स काय फक्त भाड्यावरच वाचतो होय?"

खरी मेख तिथंच होती. भाड्यातून ३० टक्के कर वजा केला होता, पण कर्जाचे हप्ते मात्र पूर्ण धरले होते. व्याजावरची आणि घसाऱ्यावरची करबचत गायब. शिवाय पुढच्या रकमा आजच्या किमतीत आणायला दोन्हीकडे बँकेचा १० टक्के दर लावला होता. लीजचं भाडं म्हणजे कर्जासारखंच बांधलेलं देणं, आणि व्याजावर कर वाचतो. त्यामुळे करानंतरचे आकडे आजच्या किमतीत आणायचे तर दरही करानंतरचाच हवा, म्हणजे ७ टक्के. दर जितका चढा, तितकं पुढच्या वर्षांचं भाडं कागदावर हलकं दिसतं. आणखी एक हातचलाखी म्हणजे करारात भाडं वर्षाच्या सुरुवातीला द्यायचं होतं, हिशोबात ते वर्षाच्या शेवटी दाखवलं होतं.

मॅडमनी आमच्यासमोर नवा हिशोब मांडला. भाडं आगाऊ, करबचत वर्षअखेरीस, दर ७ टक्के धरला की लीजचा खर्च २८.४ लाख होतो. खरेदीत कर्जाचे करानंतरचे हप्ते ७ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले की बरोबर ४० लाखच येतात. त्यातून १५ टक्के घसाऱ्यावरची करबचत साधारण ५.६ लाख वजा. पाच वर्षांनी मशीन १२ लाखांना विकलं जाईल असं धरलं, तर त्याचे आजचे ८.६ लाख वजा. उरले २५.८. म्हणजे सोळा लाखांच्या बचतीऐवजी अडीच लाखांचा फटका.

जुन्या मशीनला १२ लाख येतील का, ही शंका रास्त आहे. पण साडेआठ लाख आले तरी दोन्ही पर्याय बरोबरीत सुटतात, आणि चालू स्थितीतल्या व्हीएमसीला आमच्याकडे त्याहून जास्त भाव येतो. लीजमध्ये मशीन शेवटी कंपनीकडेच परत जातं. त्या कागदावर मशीन विकून येणाऱ्या रकमेची ओळच नव्हती. (पहिल्या वर्षी मशीन १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर घसारा निम्माच मिळतो, तोही फरक धरावा लागतो.)

त्या माणसाकडं एक्सेल फाईल मागितली, तर पीडीएफच आली. सूत्रं दिसली असती, तर कुठल्या बाजूला कर लावलाय ते लगेच कळलं असतं. करार मुदतीआधी मोडायचा तर उरलेलं सगळं भाडं एकरकमी भरायचं, असं कलम आहे, त्यामुळे मशीन अजून तसंच चालू आहे.